मुलाला शाळेत त्रास होत असल्याची शंका: वर्गशिक्षिकेला मेसेज कसा लिहावा? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

ठाण्यातल्या एका शाळेत मी बरीच वर्षे वर्गशिक्षिका होते. आता सोसायटीतले आणि ओळखीतले पालक आपले मेसेज पाठवण्याआधी मला वाचायला देतात, आणि त्यांचे प्रश्न बहुतेक वेळा तेच ते असतात. मला स्वतःला आलेला एक मेसेज मी उदाहरण म्हणून घेतला आहे. तो घोडबंदर रस्त्यावर राहणाऱ्या एका पालकांचा असून, मुलगा सहावीत होता. ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत.

अजून काहीच सिद्ध झालेले नाही. मग लिहिण्याची घाई तर होत नाही ना?

नाही. सिद्ध करणे हे पालकांचे काम नाही. नजरेला आलेले वेळेवर कळवणे एवढेच त्यांचे काम आहे.

पाचवीनंतर वर्गशिक्षिका आपल्या वर्गाला दिवसभर पाहत नाही, ही गोष्ट अनेक पालकांच्या लक्षात येत नाही. सकाळी हजेरी घेतली, आपल्या विषयाचा एखादा तास घेतला, की ती दुसऱ्या तुकड्यांवर जाते. मधली सुट्टी, पी.टी.चा तास, जिना, स्वच्छतागृह आणि बस या जागा तिच्या डोळ्यांआड असतात, आणि त्रास बहुधा तिथेच होतो. त्यामुळे घरी परतलेला डबा, फाटलेली वही किंवा सकाळची पोटदुखी यांतून तुम्हाला जे दिसते ते तिला मुळीच दिसत नसते.

एकदा पेन हरवले म्हणून लिहू नये. मुलांची पेने हरवतातच. पण त्याच प्रकारची गोष्ट दुसऱ्यांदा घडली, किंवा एकाच आठवड्यात दोन वेगवेगळ्या गोष्टी खटकल्या, तर लिहावे. महिनाभर पुरावे साठवत बसणाऱ्या पालकांना मी नेहमी अडवते, कारण तोपर्यंत वर्गातल्या इतर मुलांना कोणत्या दिवशी काय झाले ते आठवत नाही आणि कॅमेऱ्यातले जुने चित्रणही पुसले गेलेले असते.

ही साधी थट्टामस्करी असेल तर?

तर भेटीत तसे निष्पन्न होईल आणि कुणाचे काही बिघडणार नाही. साधारणपणे तीन गोष्टी पाहाव्यात: तोच मुलगा पुन्हापुन्हा लक्ष्य होतो का, समोरचे संख्येने, वयाने किंवा वर्गातल्या वजनाने त्याच्यापेक्षा भारी आहेत का, आणि त्याने “पुरे” म्हटल्यावरही प्रकार थांबत नाही का. दोन मित्र एकमेकांना टोपणनावाने चिडवतात तेव्हा उलट चिडवण्याची सोय दोघांनाही असते. ती सोय एकालाच उरली की त्याला मस्करी म्हणता येत नाही. मात्र हा निवाडा मेसेजमध्ये लिहायचा नसतो.

मेसेजमध्ये नेमके काय लिहावे?

तीन गोष्टी लिहाव्यात आणि त्या एकमेकींत मिसळू देऊ नयेत: तुम्ही स्वतः पाहिलेले, मुलाने सांगितलेले, आणि तुम्हाला वाटलेले. माझ्याकडे आलेल्या ज्या मेसेजमुळे काम अडले, त्यांतल्या बहुतेकांत या तीन गोष्टींची खिचडी झालेली असे.

आपल्या उदाहरणातल्या आईने पहिला मसुदा रात्री साडेअकराला लिहिला होता. तो तिने पाठवला नाही, पण पुढे मला दाखवला: “मॅडम, माझ्या मुलाला वर्गात रोज मारतात, त्याचा डबा हिसकावतात, कपडे खराब करतात. त्याच्या बाकावर बसणारा मुलगाच हे सगळे करतो हे आम्हाला माहीत आहे. शाळेचे लक्ष कुठे असते? त्याच्यावर ताबडतोब कारवाई झाली नाही तर आम्हाला वर जावे लागेल.”

या मजकुरातला एकेक शब्द तपासून पाहा. “रोज” हे खरे नव्हते. चार दिवसांच्या घटना होत्या. “मारतात” असे मुलगा कधीच म्हणाला नव्हता. डबा हिसकावताना आईने पाहिले नव्हते. तिने पाहिली होती ती घरी आल्या आल्या चार पोळ्या खाणाऱ्या मुलाची भूक. बाकावरच्या मुलाबद्दल तिचा निव्वळ अंदाज होता. वर्गशिक्षिकेने यातली एक जरी गोष्ट तपासली आणि ती चुकीची निघाली, तर उरलेल्या खऱ्या गोष्टींवरचाही तिचा विश्वास उडतो. आणि शेवटच्या दोन वाक्यांनंतर ती मुलाचा विचार सोडून स्वतःचा बचाव शोधू लागते, हे मी अनुभवाने सांगते. कितीही समजूतदार शिक्षिका असली तरी “शाळेचे लक्ष कुठे असते” हे वाचल्यावर ती आधी सुपरवायझरांकडे धाव घेते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी वहीच्या एका पानावर तारीख, वार आणि पाहिलेली गोष्ट असे मांडून पाहिले. त्यातून पुढचा मेसेज तयार झाला.

तो मेसेज पूर्ण वाचायला मिळेल का?

हा तो मेसेज. नावे तेवढी काढली आहेत.

“नमस्कार मॅडम, मी सहावी ब, हजेरी क्रमांक 23 ची आई. गेल्या दोन आठवड्यांत काही गोष्टी लक्षात आल्या, त्या आपल्या कानावर घालाव्यात आणि आपली भेट मागावी म्हणून लिहीत आहे.

आम्ही पाहिलेले: सोमवार 7 जुलैला डबा पूर्ण रिकामा आला, पण घरी आल्यावर तो खूप भुकेला होता. गुरुवार 10 जुलैला पाण्याच्या बाटलीचे झाकण नव्हते. सोमवार 14 जुलैला पी.टी.च्या शर्टाच्या पाठीवर निळ्या पेनाने रेघोट्या मारलेल्या होत्या. फोटो ठेवला आहे. सोमवार 14 आणि गुरुवार 17 जुलै या दोन्ही दिवशी सकाळी पोट दुखते म्हणून तो शाळेत जायला तयार नव्हता; ताप किंवा उलटी नव्हती.

त्याने सांगितलेले: 14 तारखेला रात्री तो म्हणाला, ‘ते मला टेम्पो म्हणतात. डबा आधी त्यांना दाखवायला लागतो.’ ‘ते’ म्हणजे कोण, हे त्याने सांगितले नाही आणि आम्ही आग्रह धरला नाही.

यावरून त्याला कुणी त्रास देत असावे अशी आम्हाला शंका आहे. आमचा अंदाज चुकीचाही असू शकतो. वर्गात किंवा मधल्या सुट्टीत आपल्या काही लक्षात आले आहे का, हे जाणून घ्यायचे आहे.

सोमवार 21 किंवा मंगळवार 22 जुलैला शाळा सुटल्यानंतर वीस मिनिटे भेटता येईल का? आम्ही दोघेही येऊ. आपल्याला दुसरी वेळ सोयीची असल्यास ती कळवावी. तोपर्यंत कृपया वर्गात यावर जाहीरपणे बोलू नये, अशी विनंती आहे. आम्ही आपल्याला कळवले आहे हे इतर मुलांना कळेल या भीतीने तो घाबरला आहे.”

मेसेज एवढाच आहे. यात “रॅगिंग”, “छळ”, “गुंड” यांपैकी एकही शब्द नाही. “त्रास” हा शब्द एकदाच आला आहे आणि तोही शंका म्हणून.

मला त्यात सर्वांत उपयोगी काय वाटले असेल, तर वार. सोमवार, गुरुवार, पुन्हा सोमवार, पुन्हा गुरुवार. पालकांच्या ते ध्यानातही आले नव्हते. त्यांनी नुसते तारखांपुढे वार लिहिले होते. माझ्या स्टाफरूमच्या भिंतीवर वेळापत्रक होते आणि सहावी ब चा पी.टी.चा तास सोमवारी आणि गुरुवारी, मधल्या सुट्टीच्या अगदी आधी होता. कुठे पाहायचे ते मला मेसेज वाचूनच कळले. “रोज त्रास देतात” असे लिहिले असते तर मी आठवडाभर माझ्या गणिताच्या तासाला मुलांकडे बघत बसले असते, आणि तिथे काही दिसले नसते.

त्रास देणाऱ्या मुलाचे नाव लिहावे का?

तुमच्या मुलाने स्वतःहून नाव घेतले असेल, तर ते त्याचे म्हणणे म्हणूनच लिहावे: “त्याने एका मुलाचे नाव घेतले आहे, ते भेटीत सांगू.” लेखी मेसेजमध्ये नाव न टाकलेले बरे, कारण मेसेज पुढे पाठवला जातो. वर्गशिक्षिकेकडून सुपरवायझरांकडे, तिथून मुख्याध्यापिकांकडे, आणि एखाद्या वेळी समोरच्या पालकांच्या हातातही तो पडतो. एका अकरा वर्षांच्या मुलाचे नाव तुमच्या अंदाजासकट असे फिरू नये.

यात माझीही एक चूक झालेली आहे. एका मेसेजमध्ये नाव होते आणि मी त्या मुलाला हजेरीच्या वेळी सगळ्यांसमोर उभे करून विचारले. त्याने नाही म्हटले, वर्ग हसला, आणि तक्रार करणाऱ्या मुलाला दुसऱ्या दिवसापासून “चुगलखोर” हे नवे नाव मिळाले. तेव्हापासून “वर्गात जाहीरपणे बोलू नये” ही ओळ मी पालकांना आवर्जून लिहायला सांगते.

मूळ मसुद्यात ज्याच्यावर संशय होता, तो बाकावरचा मुलगा या प्रकरणात कुठेच नव्हता, हे इथेच सांगून टाकते.

मुलाला किती आणि कसे विचारावे?

थोडे विचारावे आणि उघडे प्रश्न विचारावेत. “आज मधल्या सुट्टीत कुठे बसला होतास?” हा चांगला प्रश्न आहे. “तुला तो मारतो ना?” हा वाईट प्रश्न आहे, कारण थकलेले मूल सुटका म्हणून “हो” म्हणते आणि पुढे तेच उत्तर मेसेजमध्ये त्याचे म्हणणे म्हणून जाते. आईने एकदा, बाबांनी एकदा, मग आजीने आणि शेवटी मामाने फोनवर, असे चार वेळा विचारले गेले तर चौथ्या वेळी गोष्ट बदललेली असते. मुलगा खोटे बोलत नसतो. कोणत्या उत्तरावर मोठी माणसे समाधान पावतात हे त्याला कळू लागलेले असते.

तो जे बोलला ते त्याच रात्री त्याच्याच शब्दांत लिहून ठेवावे. “डबा आधी त्यांना दाखवायला लागतो” या वाक्यातले “दाखवायला लागतो” बदलून “हिसकावतात” केले, तर जे घडत होते त्याची रीतच हरवते. इथे जबरदस्तीने ओढून घेणे नव्हतेच. मूल स्वतः डबा उघडून पुढे करत होते, आणि दुरून पाहणाऱ्या शिक्षकाला ते वाटून खाणे वाटले असते.

“बाईंना सांगू नकोस” असे मूल म्हणते. मग काय करावे?

मी सांगणार नाही असे खोटे वचन देऊ नये. त्याला नेमकी भीती कशाची आहे, ते विचारावे. बहुतेक वेळा भीती बाईंची नसते, बाई वर्गात नाव घेतील याची असते. तेव्हा “बाईंना सांगेन, पण वर्गात कुणाला कळणार नाही अशी त्यांना विनंती करेन” असे सांगता येते, आणि ती विनंती मेसेजमध्ये खरोखर लिहिता येते. मेसेज पाठवण्याआधी त्याचे म्हणणे असलेला भाग त्याला वाचून दाखवावा. आपल्या उदाहरणातल्या मुलाने तेव्हा एकच दुरुस्ती सुचवली: झाकण हरवले नव्हते, ते खिडकीतून फेकले होते. आईने तेही त्याचे म्हणणे म्हणून भेटीत सांगितले.

मेसेज कुठे पाठवावा: शाळेच्या ॲपवर, डायरीत, ईमेलने की व्हॉट्सॲपवर?

शाळेचे ॲप किंवा ईमेल उत्तम, कारण तिथे तारीख राहते आणि मेसेज एकाच व्यक्तीपर्यंत जातो. वर्गशिक्षिकेने आपला नंबर पालकांना दिला असेल आणि ती त्यावर उत्तर देत असेल, तर वैयक्तिक व्हॉट्सॲपही चालते.

डायरीत मात्र लिहू नये. डायरी मुलाच्या दप्तरातून जाते, तपासण्यासाठी मॉनिटर गोळा करतो, आणि टेबलावरच्या गठ्ठ्यातली उघडी डायरी चार मुले सहज वाचतात. डायरीत लिहायचेच असेल तर “आपल्याला ॲपवर मेसेज केला आहे, कृपया पाहावा” इतकेच लिहावे.

पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक अक्षरही टाकू नये. “आणखी कुणाच्या मुलाला असा अनुभव आहे का?” हा प्रश्न निरागस वाटतो, पण अर्ध्या तासात त्यावर नावे पडू लागतात, ज्याचे नाव पडले त्याचे वडील ग्रुप सोडतात, आणि दुसऱ्या दिवशी शाळेला मुलांचा प्रश्न सोडून पालकांचे भांडण मिटवावे लागते.

शाळा इंग्रजी माध्यमाची आहे. मराठीत लिहिले तर चालेल का?

ज्या भाषेत तुम्हाला नेमके लिहिता येते त्या भाषेत लिहावे. ठाणे आणि नवी मुंबईतल्या शाळांत मराठी वाचणारे कुणी ना कुणी असतेच. वर्गशिक्षिका मराठी वाचत नसेल तर साध्या इंग्रजीत लिहावे, पण मुलाचे वाक्य तो ज्या भाषेत बोलला त्याच भाषेत ठेवून पुढे अर्थ द्यावा.

भेट पालकसभेच्या दिवशीच घेतली तर?

त्या दिवशी वर्गाबाहेर रांग असते, प्रत्येकाला पाच मिनिटे मिळतात आणि मागच्या खुर्चीवर कदाचित त्याच मुलाचे आईवडील बसलेले असतात. वेगळी वेळ मागावी. दोन दिवस सुचवावेत, किती मिनिटे लागतील ते लिहावे, आणि कोण येणार तेही लिहावे. “लवकरात लवकर भेटायचे आहे” या वाक्याला उत्तर द्यायला दोन दिवस लागतात. “सोमवारी किंवा मंगळवारी, शाळा सुटल्यावर, वीस मिनिटे” याला होकार किंवा दुसरी वेळ लगेच कळवता येते.

मेसेज रात्री उशिरा पाठवू नये, एवढा एक माझा आग्रह आहे. रात्री लिहावा, सकाळी पुन्हा वाचावा आणि मग पाठवावा.

त्रास बसमध्ये होत असेल तर वर्गशिक्षिकेला लिहून उपयोग आहे का?

आहे, पण तिच्यासोबत शाळेच्या वाहतूक विभागालाही तोच मेसेज पाठवावा. घोडबंदर रस्त्यावर वाहतूक अडकली की बसचा प्रवास तासावर जातो आणि मागच्या सीटवर लक्ष ठेवायला एकच मावशी असतात. महाराष्ट्रात स्कूलबससाठी 2011 चे स्वतंत्र नियम आहेत, त्यांनुसार प्रत्येक शाळेत मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली परिवहन समिती असावी लागते. बसमधली जागा बदलणे किंवा मावशींना मागे बसवणे यासाठी विनंती तिथे करता येते.

मेसेजमध्ये मार्गाचा क्रमांक, सकाळची की दुपारची फेरी, चढण्या-उतरण्याचे थांबे आणि मूल सहसा कुठे बसते हे लिहावे. खासगी व्हॅनच्या काकांशी वाद घालण्याआधी शाळेला कळवावे.

कॅमेऱ्याचे चित्रण मागावे का?

दाखवा असे मागू नये. जपून ठेवा असे मागावे. चित्रणात इतरांची मुलेही असतात, त्यामुळे शाळा ते पालकांना दाखवायला बहुधा तयार होत नाही, आणि ते रास्तही आहे. पण साठवण भरली की जुने चित्रण आपोआप पुसले जाते. सीबीएसईने जुलै 2025 मध्ये संलग्न शाळांना किमान 15 दिवसांचे चित्रण राखायला सांगितले आहे. इतर शाळांत हा काळ आपापल्या यंत्रणेप्रमाणे ठरतो. म्हणून मेसेजमध्ये एक ओळ घालता येते: “7, 10, 14 आणि 17 जुलैचे मधल्या सुट्टीतले चित्रण उपलब्ध असल्यास ते पुसले जाऊ नये, अशी विनंती आहे.” पहिल्याच मेसेजमध्ये ही ओळ असेल तर दहा दिवसांपूर्वीचा सोमवारही वाचतो.

मेसेजसोबत फोटो पाठवावेत का?

शर्टाचा किंवा फाटलेल्या वहीचा एखादा फोटो पुरे; बाकीचे आहेत एवढे सांगावे. मुलांच्या ग्रुपवरचा मजकूर असेल तर त्यात इतर मुलांची नावे आणि नंबर असतात, म्हणून तो पुढे न पाठवता भेटीत फोनवर दाखवावा, आणि तोपर्यंत तो मुलाच्या फोनवरून पुसू नये.

उत्तरच आले नाही तर?

शाळेचे दोन पूर्ण दिवस थांबावे. परीक्षा किंवा सुट्टी असेल तर थोडे अधिक. मग त्याच मेसेजखाली लिहावे: “मॅडम, 17 जुलैच्या मेसेजबाबत भेटीची वेळ कळवावी, ही विनंती.” नवा, अधिक रागाचा मेसेज लिहू नये. त्यानंतरही उत्तर नसेल तर तोच मजकूर सुपरवायझरांना आणि मग मुख्याध्यापिकांना पाठवावा.

सीबीएसईच्या शाळांना 9 मार्च 2015 च्या परिपत्रकाने अशा त्रासाविरुद्ध समिती नेमायला सांगितले आहे. तीत उपमुख्याध्यापक, ज्येष्ठ शिक्षक, समुपदेशक आणि पालक-शिक्षक संघाचा प्रतिनिधी असे सदस्य असतात. राज्यातल्या शाळांसाठी 10 मार्च 2022 च्या शासन निर्णयाने सखी सावित्री समित्या स्थापायच्या आहेत. या समित्यांची नावे पहिल्याच मेसेजमध्ये घालण्याची गरज नाही. वर्गशिक्षिका उत्तर देत असताना परिपत्रकाचा क्रमांक पुढे केला की वाट बंद होते. ती उत्तर देत नसेल, तर मुख्याध्यापिकांना लिहिताना तो जरूर उपयोगी पडतो.

हा शांत मेसेज केव्हा पुरेसा नाही?

मुलाला दुखापत झाली असेल तर आधी डॉक्टर आणि त्यांची लेखी नोंद, आणि त्याच दिवशी मुख्याध्यापिकांची प्रत्यक्ष भेट. मूल मरण्याची किंवा स्वतःला इजा करण्याची भाषा करत असेल तर त्याला एकटे सोडू नये आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. शरीराला नको तसा स्पर्श झाल्याचे कळले तर भेटीची वाट पाहू नये; 2012 च्या पॉक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे, मग करणारा लहान असो वा मोठा. मुलांसाठीची 1098 ही हेल्पलाइन आणि आणीबाणीसाठी 112 हे क्रमांक जवळ असू द्यावेत. आणि त्रास देणारी व्यक्ती शिक्षकच असेल तर मेसेज वर्गशिक्षिकेला न लिहिता थेट मुख्याध्यापिकांना लिहावा. शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 ने मनाई केलेली आहे.

भेटीत काय मागावे, आणि भेटीनंतर काय लिहावे?

“त्या मुलाला काय शिक्षा करणार?” हे विचारू नये, शाळा ते तुम्हाला सांगणार नाही. “सोमवारपासून आमच्या मुलासाठी काय बदलेल, आणि आपण पुन्हा कधी बोलू?” हे विचारावे. या प्रश्नाचे उत्तर शाळेला द्यावेच लागते.

आपल्या उदाहरणात भेट सोमवारी झाली. त्याआधी मी काही केले नव्हते असे नाही: त्याच दिवशी मी पी.टी.चा तास सुटण्याआधी वरच्या मजल्यावर जाऊन उभी राहिले होते. वर्गातली बरीच मुले मैदानाजवळच्या नळावर थांबत. हा मुलगा धावण्यात मागे पडत असल्याने सर त्याला आधी वर पाठवत, आणि त्याच वेळी शेजारच्या तुकडीतली तीन मुले संगणकाच्या तासावरून परतत. रिकाम्या वर्गात त्याची त्यांच्याशी दहा-बारा मिनिटे गाठ पडे. “टेम्पो” मी माझ्या कानांनी ऐकले. डब्याचे मात्र मला काही दिसले नाही, आणि ते मी पालकांना तसेच सांगितले.

ठरले ते असे: पी.टी.नंतर सगळ्यांनी सरांबरोबर एकत्र वर यायचे, त्या तीन मुलांशी त्यांच्या वर्गशिक्षिकेने एकेकट्याने बोलायचे, त्याने समुपदेशक मॅडमना आठवड्यातून एकदा भेटायचे, आणि दोन आठवड्यांनी आम्ही पुन्हा बोलायचे. त्या संध्याकाळी आईने पाच ओळी पाठवल्या:

“मॅडम, आज वेळ दिल्याबद्दल आभार. आपल्या बोलण्यात ठरलेले असे: (1) पी.टी.नंतर सर्व मुले एकत्र वर्गात येतील. (2) संबंधित मुलांशी त्यांच्या वर्गशिक्षिका बोलतील. (3) समुपदेशक मॅडमची भेट दर बुधवारी. (4) सोमवार 4 ऑगस्टला आपण पुन्हा बोलू. माझ्या समजण्यात काही चूक असल्यास कळवावे.”

शेवटचे वाक्य सगळ्यांत कामाचे आहे, कारण त्यावर मला उत्तर द्यावेच लागले: समुपदेशक बुधवारी नव्हे, शुक्रवारी येत असत. मी तेवढी दुरुस्ती करून पाठवली, आणि बाकीचे तीन मुद्दे त्यामुळे लेखी कबूल झाले.

4 ऑगस्टला आई म्हणाल्या की पोटदुखी थांबली आहे, डबा अर्धा परत येतो आणि शिळी भेंडी असली की पूर्ण परत येतो. टोपणनाव मात्र गेले नव्हते. ते आता त्याच्याच वर्गातल्या दोघांनी उचलले होते, म्हणून पुढची भेट आम्ही 18 तारखेची ठरवली.